तेही मी करीन

निवडणुकीच्या जाहीर चर्चेचं रेकॉर्डिंग ऐकायचं आणि कोणत्या उमेदवाराने काय आश्वासन दिलं याचा तक्ता करायचा, हे काम कॉलेजच्या कार्यालयात अकरा वर्षं एकाच बाईकडे होतं. एरवी ती खिडकीवर बसायची. दाखले, ओळखपत्रं, परीक्षेचे अर्ज, सगळा कारभार त्या एका खिडकीतून चाले. मुलं तिला मॅडम म्हणत. तिची भाची ठकी मात्र भर रांगेतून ‘ए मावशी’ अशी हाक मारायची, तेव्हा आपणही तिला मावशीच म्हणू.

तक्ता दिसायला अगदी साधा. डावीकडे विषय, पुढे प्रत्येक उमेदवाराचा एक रकाना. मतदानाच्या आधी तो फलकावर लागायचा आणि सगळ्यांच्या फोनवर जायचा. पण साध्या दिसणाऱ्या गोष्टीत किती पाचर मारता येते, हे मावशीला पक्कं ठाऊक होतं. पहिल्या वर्षी तिने विषयांची यादी पहिल्या वक्त्याच्या भाषणावरून केली आणि तोंडावर आपटली. पहिल्याचा रकाना भरगच्च, बाकीच्यांचे उपाशी; जणू त्यांना काही सुचलंच नव्हतं. तेव्हापासून तिने नियम बांधून घेतले. आधी सगळ्यांचं ऐकायचं, मग सगळ्यांचे मिळून विषय काढायचे आणि ते अक्षरांच्या क्रमाने लावायचे. ‘करीन’ म्हटलं तर ते आश्वासन. ‘प्रयत्न करीन’ म्हटलं तर ‘प्रयत्न करणार’ असंच लिहायचं. ‘व्हायला हवं’ हे नुसतं मत, ते तक्त्यात नाही. एकमेकांवर केलेली चिखलफेक नाही, विशेषणं नाहीत, दुसऱ्याचं नाव नाही. जो बोलला नाही त्याच्या रकान्यात आडवी रेघ मारायची नाही, कारण रेघ नापास झाल्यासारखी दिसते. तिथे ‘या विषयावर बोलले नाहीत’ असं सरळ लिहायचं. प्रत्येक आश्वासनापुढे रेकॉर्डिंगमधली वेळ टाकायची, म्हणजे ज्याला शंका त्याने स्वतः ऐकावं.

एका वर्षी पिण्याच्या नळाला पाणी नसताना एका पठ्ठ्याने पोहण्याचा तलाव देऊ केला होता. मावशीने ओठ घट्ट मिटून ‘पोहण्याचा तलाव बांधणार’ एवढंच लिहिलं. तो पडला, पण तक्त्यामुळे नाही.

या वर्षी अध्यक्षपदाला ठकी उभी राहिली. ठकी तीन वर्षं मावशीकडेच राहत होती, तिचे आईबाप दुसऱ्या गावी. अर्ज भरला त्याच दिवशी मावशी निवडणूक बघणाऱ्या गणिताच्या सरांकडे गेली. म्हणाली, “घरातलं माणूस उभं आहे, मला यातून वगळा.” काम हेडक्लार्ककडे गेलं. घरीही मावशीने फर्मान काढलं, की निवडणुकीचा ‘न’सुद्धा काढायचा नाही. चर्चेच्या संध्याकाळी अख्खं कार्यालय सभागृहात जाऊन बसलं आणि ही शहाणी नाकासमोर चालत घरी गेली.

चर्चा शुक्रवारी झाली. रविवारी सकाळी बुटाची नाडी बांधताना ठकीच्या डोक्यातली रक्तवाहिनी फुटली. दुपारपर्यंत सगळं संपलं.

कॉलेजने निवडणूक तीन आठवडे पुढे ढकलली. बहीण आणि मेहुणे आले, ठकीच्या बॅगा भरून घेऊन गेले. दहाव्या दिवशी मावशी कामावर रुजू झाली. लोकांना वाटलं, बाई खंबीर आहे. खंबीर वगैरे काही नव्हतं. तिला काहीच वाटत नव्हतं. चहा गरम आहे की गार, हे जिभेला कळत नव्हतं. कोणी समोर रडलं, तर ती त्याला पाण्याचा ग्लास देई आणि पुढचा अर्ज हातात घेई.

मग एक दिवस गणिताचे सर खिडकीशी आले. रांगेला बाजूला सारून आत येण्याऐवजी रांगेतच उभे राहिले, त्यावरूनच कळत होतं की त्यांना बोलायचं जड जातंय.

“तो तक्ता राहिलाय,” ते म्हणाले. “हेडक्लार्क दोन बोटांनी टाइप करतात, त्यांना ते काही जमेना. तुम्ही कराल का? म्हणजे, आता तशी काही अडचण उरलेली नाही.”

शेवटचं वाक्य तोंडातून गेल्यावर ते त्यांनाच ऐकू आलं. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. मावशीला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही.

“द्या,” ती म्हणाली.

हेडक्लार्कने आधीच तीन रकाने आखून ठेवले होते. उमेदवारांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरला होता. पहिली चष्मेवाली, शास्त्र शाखेची. मधली ठकी. शेवटचा लंबू, वादविवाद मंडळाचा. मावशीने मधला रकाना निवडला आणि पुसून टाकला. उरलेले दोन आपोआप पसरले आणि पान पूर्वीइतकंच भरलेलं दिसू लागलं.

रेकॉर्डिंग एक तास बारा मिनिटांचं होतं. त्यावरून संगणकाने काढलेला मजकूर सोबत होता, पण त्याच्यावर मावशीचा कधीच विश्वास नव्हता. दोघं एकदम बोलले की तो कोणाचंही वाक्य कोणाच्याही तोंडी घालायचा, आणि ‘बंद करणार नाही’ मधला ‘नाही’ गिळून मोकळा व्हायचा. म्हणून मजकूर नुसता वाट दाखवायला वापरायचा आणि प्रत्येक शब्द कानाने ऐकायचा. तिने कानांवर हेडफोन चढवले. चष्मेवालीचं पहिलं भाषण तीनदा ऐकलं. प्रयोगशाळा शनिवारी उघडी ठेवणार, ग्रंथालयाची वेळ एक तासाने वाढवणार, मैदानाच्या फाटकाबद्दल प्राचार्यांशी बोलणार. ‘बोलणार’ आणि ‘उघडणार’ यांत फरक असतो. तिने ‘बोलणार’ लिहिलं.

मग मजकुरात ‘वक्ता दोन’ असं आलं. मावशीने तिथून थेट ‘वक्ता तीन’वर उडी मारली. पुढच्या फेरीतही तेच. जिथे जिथे वक्ता दोन, तिथे तिथे पुढे. रकानाच नाही तर ऐकायचं कशाला, अशी तिने स्वतःची समजूत घातली. ती समजूत नियमाला धरून वाटत होती आणि तिला अजिबात दुखत नव्हतं.

शेवटच्या फेरीत लंबूची पाळी आली. त्याचं पहिलंच वाक्य होतं, “हे आत्ता जे सांगितलं ना, तेही मी करीन. लिहून घ्या.” मागे प्रचंड हशा.

तेही म्हणजे काय? मावशीचाच नियम होता, की संदर्भ कळला नाही तर मागे जाऊन ऐकायचं. मागे जाणं म्हणजे एका बोटाचं काम. बोट तिथे गेलंही. मग तिने कच्च्या कागदावर ‘अडुसष्ट चाळीस, संदर्भ अस्पष्ट’ असं खरडलं आणि पुढे निघाली. अकरा वर्षांत तिने असं कधी केलं नव्हतं, आणि केलं तेव्हा तिला त्याचं काही वाटलंही नाही.

दुसऱ्या दिवशी उमेदवारांना आपापला रकाना वाचून सही करायला बोलावलं. चष्मेवालीने आपली आठ आश्वासनं वाचली, एके ठिकाणी वेळ तपासली आणि सही केली. लंबूने सातही ओळींवरून बोट फिरवलं. बोट शेवटी अडलं.

“मॅडम, एक राहिलंय.”

“कुठलं?”

इतका उंच मुलगा, पण टेबलासमोर एकदम आखडल्यासारखा उभा होता. “ते शेवटचं. ते तिने… मी म्हटलं होतं, तेही मी करीन.”

“संदर्भ अस्पष्ट होता,” मावशी म्हणाली.

“अस्पष्ट नव्हता, मॅडम. तुम्ही ऐकलं नाही का?”

तक्त्यात भर पडणार म्हटल्यावर दुसऱ्या उमेदवारासमोरच ती पडायला हवी. म्हणून चष्मेवालीला जिन्यावरून परत बोलावलं आणि सगळे गणिताच्या सरांच्या खोलीत जमले. सर, हेडक्लार्क, दोन्ही उमेदवार आणि दाराला टेकून मावशी. हेडक्लार्कने रेकॉर्डिंग त्या वाक्याच्या थोडं मागे नेलं. हेडफोन नव्हते. आवाज खोलीभर आला.

“शेवटचा मुद्दा,” ठकी म्हणाली. तिचा घसा जरा बसला होता. “कार्यालयाच्या खिडकीवर टोकन ठेवणार आणि दुपारी दीड ते दोन खिडकी बंद करणार. टोकन असलं की नंबर जात नाही, ताटकळत उभं राहायला नको, आणि आतल्या माणसाला जेवता येतं.” सभागृहात खसखस पिकली. “हसा, हसा. आतल्या माणसांना मत नाही, हे माहितीये मला. पण आमच्या घरी रोज डबा भरलेला परत येतो आणि आणणारी बाई म्हणते, आज भूकच नव्हती. मी तिसऱ्या वर्षाला आहे. एवढं खोटं मला कळतं.”

घंटा वाजली. मग लंबूचा आवाज, “हे आत्ता जे सांगितलं ना, तेही मी करीन. लिहून घ्या.” हशा. हेडक्लार्कचा हात बंद करायला पुढे गेला.

“राहू द्या,” मावशी म्हणाली.

हशाच्या आत, माइकपासून लांब, ठकी ओरडून सांगत होती, “आधी मावशीला पटव! मी सांगून सांगून थकले!”

हेडक्लार्कने रेकॉर्डिंग थांबवलं. मावशीला एकदम भीती वाटली. इतके दिवस बधिर राहण्यात एक सोय होती, ती आता जाणार हे तिला स्पष्ट कळलं. डबा ती घरी पोचल्याबरोबर ओट्याशी रिकामा करायची, ठकी अभ्यासात असताना. कधी सापडलीच तर भूक नव्हती म्हणायची, आणि पोरीला ते खरं वाटतं असं तिने तीन वर्षं धरून ठेवलं होतं.

“सर,” चष्मेवाली म्हणाली. तिचं नाक लाल झालं होतं. “हे बोलायला मला फार वाईट वाटतंय. पण तो चेष्टेत म्हणाला होता. आणि आता हे तक्त्यात आलं तर सगळे ते तिचं म्हणून वाचतील, आणि मतं त्याला देतील. हे बरोबर नाही.”

“चेष्टेत नव्हतं,” लंबू म्हणाला. “म्हणजे, थोडं होतं. टाळ्या मिळतील असं वाटलं. पण म्हटलं तर होतंच.”

सरांनी मावशीकडे पाहिलं. “अकरा वर्षं तुम्हीच ठरवत आलात. सांगा, काय करायचं?”

“हे मी नाही ठरवणार.”

“का?”

“कारण मला ते राहायला हवंय,” मावशी म्हणाली. “फार हवंय. आणि त्यात माझ्याच जेवणाची सोय आहे. ज्याला इतकं हवंय, त्याने ठरवू नये.” तिचा आवाज वाचून दाखवल्यासारखा सपाट होता. “आणि चूक माझी आहे. तिचा आवाज ऐकायला नको म्हणून मी तिची सगळी भाषणं उडवून पुढे गेले. यांचंच सुटलं असेल असं नाही, या मुलीचंही असं काही तिच्या बोलण्याला जोडलेलं सुटलं असेल. हेडक्लार्कना पहिल्यापासून ऐकू द्या. दोघांसाठी.”

हेडक्लार्क एरवी कामाला नाकं मुरडणारा माणूस. त्या दिवशी त्याने खुर्ची ओढली आणि एक तास बारा मिनिटं जागचा हलला नाही. चष्मेवालीचंही एक सापडलं. ठकीने मुलींच्या खोलीतला तुटलेला आरसा बदलून देते म्हटल्यावर ती मध्येच आपल्या माइकवर म्हणाली होती, “आरसा मीही बदलीन, कडीसुद्धा.” मावशीने तेही उडवलं होतं. म्हणजे तिच्या चुकीने दोघांचंही एकेक गिळलं होतं, आणि तिला वाटत होतं की ती तटस्थ आहे.

सरांनी आणि हेडक्लार्कने मावशीने लिहिलेलाच नियमांचा कागद काढला आणि तिला न विचारता त्यावरून निकाल दिला. माइकवर ‘करीन’ म्हटलं ते आश्वासन. लोक हसले की नाही, याची नोंद तक्त्यात होत नाही. दोन्ही आश्वासनं येतील, कोणाच्या नावाशिवाय.

“ठीक आहे,” चष्मेवाली म्हणाली. ती रडवेली झाली होती, पण तिने निकाल मानला. दाराशी जाऊन ती परत वळली. “मग ते खिडकीचं माझ्याही रकान्यात घाला ना, मॅडम. मतांसाठी नाही. मी निवडून आले तर मीही करीन. खरंच करीन.”

“माझी काही हरकत नाही,” लंबू लगेच म्हणाला.

“सगळ्यांचं एकमत असेल तर प्रश्नच मिटला,” सर म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर सुटका दिसत होती. हेडक्लार्कने मान डोलावली.

मावशीला सगळा हिशेब एका क्षणात दिसला. दोन्ही रकान्यांत आलं की कोणीही निवडून येवो, ठकीने मागितलेलं होणार. कोणाला फसवायचं नव्हतं, कोणाची तक्रार नव्हती, समोरची पोर मनापासून देत होती. नुसतं ‘हो’ म्हणायचं होतं. तिला ते अजूनही तितकंच हवं होतं.

“नाही घालता येणार,” ती म्हणाली.

“का पण?”

“त्या दिवशी तुम्ही ते बोलला नाहीत.”

“आता बोलते आहे ना!”

“मग वर्गावर्गात जाऊन सांगा, बाळ. पत्रक काढा, जिन्यात उभं राहून ओरडा. मी आडवी येणार नाही. पण त्या संध्याकाळी सभागृहात जे बोललं गेलं, तेवढंच या कागदावर येतं. आज तुमचं चांगलं वाक्य आत घेतलं, तर उद्या कोणाचं वाईट वाक्य बाहेर काढायला मी नाही म्हणू शकणार नाही.”

चष्मेवालीने मान हलवली. पटली म्हणून की थकली म्हणून, कोण जाणे.

मावशी आपल्या टेबलाशी आली आणि तक्ता उघडला. विषय, कार्यालय. लंबूच्या रकान्यात तिने लिहिलं, ‘खिडकीवर टोकन ठेवणार, दुपारी दीड ते दोन खिडकी बंद ठेवणार.’ पुढे वेळ घातली, अडुसष्ट चाळीस. नाव कोणाचंच नाही. मग ती चष्मेवालीच्या रकान्यात गेली आणि लिहिलं, ‘या विषयावर बोलल्या नाहीत.’ चार शब्द. अकरा वर्षांत तिने ते शेकडो वेळा लिहिले होते आणि एकदाही कुठे टोचले नव्हते. आज प्रत्येक अक्षराला तिच्या जिवावर आलं. तिने वाचून पाहिलं, चूक नव्हती. दोघांच्या सह्या घेतल्या, सरांची घेतली आणि कागद हेडक्लार्कच्या हाती फलकावर लावायला दिला. चष्मेवाली निवडून येईल असं सगळं कॉलेज म्हणत होतं.

दीड वाजला होता. बाहेर रांग होती. मावशीने खिडकीची फळी खाली ओढली, हेडफोन चढवले आणि रेकॉर्डिंग ‘वक्ता दोन’च्या पहिल्या वाक्यावर नेलं. ठकीने आपलं नाव सांगितलं, वर्ग सांगितला, खाकरली आणि बोलू लागली. मावशीच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं ते थांबेना, आणि तिने थांबवलंही नाही. इतक्या दिवसांनी तिला स्वच्छ कळलं की पोर गेली. आता ती या कागदावर नाही, घरात नाही, कुठेच नाही, आणि आपण तिचं एकही भाषण ऐकायला गेलो नाही.

फळीवर टकटक झाली. “मॅडम, फक्त एक सही!”

“दोन वाजता,” मावशी आतून म्हणाली. आवाज फुटून बाहेर गेला असावा, कारण पुन्हा टकटक झाली नाही. मग कोणीतरी हळूच म्हणालं, “चला रे, तिकडे पायऱ्यांवर बसू. दोनला येऊ.”